आईसाठी मार्गपत्रक : चिपळूण ते आष्टा, दोन गाड्या (प्रकल्प नोंदी)

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

आई या महिन्याच्या २६ तारखेला, बुधवारी, मावशीकडे आष्ट्याला जाणार आहे आणि या खेपेस तिच्यासोबत घरातले कोणीही नसेल. तिचे वय ७७ आहे. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे, आणि मोबाइलवर ती फोन घेणे व करणे यापलीकडे काही वापरत नाही. सलग पाच तास बसले की तिचे गुडघे आखडतात, म्हणून थेट सांगलीच्या गाडीऐवजी चिपळूणहून कराड आणि तासाभराच्या विश्रांतीनंतर कराडहून आष्टा असा दोन गाड्यांचा प्रवास आम्ही ठरवला. तिच्या हातात देण्यासाठी मोठ्या अक्षरांतले, हाताने लिहिलेले मार्गपत्रक मी तयार करणार आहे, आणि ते करताना काय चुकले व काय बदलले हे या नोंदींत ठेवणार आहे.

छापील कागदाचा विचार केला होता. पण गाडीची वेळ ऐनवेळी बदलली तर छापलेल्या कागदावर केलेली खाडाखोड आईला गोंधळात टाकते. शिवाय माझे अक्षर ती गेली चाळीस वर्षे वाचत आली आहे, आणि ओळखीच्या अक्षरातला मजकूर ती चष्म्याशिवायही अंदाजाने लावते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पहिला मसुदा आज केला आणि तो आजच रद्द केला. वाटेतली जितकी गावे मला आठवली तितकी मी लिहून काढली होती: बहादूरशेख नाका, पिंपळी, खडपोली, अलोरे, शिरगाव, पोफळी, मग घाट, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ, कराड, आणि पुढे मलकापूर, कासेगाव, नेर्ले, पेठ नाका असे करत आष्ट्यापर्यंत. आईने तो कागद वाचला आणि विचारले, “अगं, यातल्या एखाद्या गावाला गाडी थांबलीच नाही तर मी काय समजायचं?”

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. लहान थांब्यांवर उतारू नसेल आणि कोणी हात केला नाही तर गाडी पुढे निघून जाते. कागदावर लिहिलेले गाव आले नाही असे वाटले की आपण चुकीच्या गाडीत बसलो, हीच शंका एकट्या प्रवाशाच्या मनात पहिल्यांदा येते आणि मग माणूस भलत्याच ठिकाणी उतरून बसतो. त्यामुळे जिथे गाडी हमखास थांबते किंवा जी जागा नजरेतून सुटणार नाही, तेवढीच नावे ठेवायची असे ठरवले. पहिल्या गाडीसाठी घाट, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ आणि कराड एवढेच उरले. कोयनानगर तर आईला कोणी दाखवायचीही गरज नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती आणि त्या पहाटेची आठवण ती आजही घाट चढताना सांगते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजचा दिवस अक्षरांवर गेला.

कागद म्हणून जाड, चकाकी नसलेले, फिकट पिवळसर कार्डशीट घेतले आणि ते साधारण वहीच्या पानाएवढे कापले. एका बाजूला पहिली गाडी आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, म्हणजे कराडला उतरल्यावर कार्ड उलटायचे, एवढी एकच कृती तिने लक्षात ठेवायची आहे. लॅमिनेशन करून पाहिले होते, परंतु खिडकीतून ऊन पडले की त्यावर असा चकाकता पट्टा उमटतो की त्याखालची ओळ दिसतच नाही, म्हणून तो विचार सोडला.

लेखणी निवडताना मी चुकले. खोक्यांवर पत्ते लिहितात तो तिरप्या टोकाचा जाड मार्कर मी आधी वापरला. दुरून अक्षर ठळक दिसत होते, पण ‘पाटण’चा ‘ट’, ‘पेठ’चा ‘ठ’ आणि ‘घाट’चा ‘घ’ यांच्या पोटातली मोकळी जागा शाईने भरून गेली आणि ‘पेठ’ हा शब्द आईने दोनदा ‘पेट’ असा वाचला. नंतर गोल टोकाच्या, साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या काळ्या मार्करने तीच नावे लिहिली. रेघ बारीक झाली तरी वाचायला सोपी गेली, कारण नागरी अक्षर ओळखताना डोळा रेघेपेक्षा तिच्या आतली पोकळी शोधतो.

दुसरी अडचण ओळींमधल्या अंतराची. शिरोरेघेपासून खाली अक्षराची उंची मी दीड सेंटिमीटर ठेवली होती आणि ओळींमध्येही तेवढीच जागा सोडली होती. इंग्रजी मजकुराला ती पुरली असती. आपल्या लिपीत वरच्या ओळीचा उकार खाली लोंबतो आणि खालच्या ओळीची वेलांटी व मात्रा वर चढते. ‘ईश्वरपूर’मधला दीर्घ ऊकार खालच्या ओळीतल्या शब्दाच्या शिरोरेघेला टेकला आणि दोन्ही शब्द एकमेकांत अडकले. दोन शिरोरेघांमध्ये साडेतीन सेंटिमीटर अंतर घेतल्यावर ओळी सुट्या झाल्या. एका बाजूला त्यामुळे पाचच ओळी मावतात, आणि नावेही पाचच आहेत.

रविवार, ९ नोव्हेंबर

वाचनाची चाचणी आज घरातच घेतली. आईकडे जवळचा आणि लांबचा असे दोन चष्मे आहेत आणि गाडीत ती लांबचाच लावून बसते. प्रत्येक वेळी चष्मा बदलावा लागला तर एखादा चष्मा सीटवर राहून जाणार हे निश्चित, त्यामुळे कार्ड लांबच्या चष्म्यातूनच वाचता आले पाहिजे ही अट घातली. तिला झोपाळ्यावर बसवले, कार्ड मांडीवर ठेवायला दिले आणि झोका हलवत ठेवला. चार नावे तिने लगेच वाचली. अडली ती ‘कऱ्हाड’वर. वर्तमानपत्रात ती हेच नाव असे छापलेले पाहते, म्हणून मी तसे लिहिले होते, पण हलत्या कार्डावर अर्ध्या ‘र’ची ती छोटी खूण नाहीशी झाली आणि तिने ‘कहाड’ असे वाचले. गाडीच्या पाटीवर ‘कराड’ असते, तेव्हा कार्डावरही ‘कराड’च.

यातून एक नियम हाती आला: नाव मला जे शुद्ध वाटते ते लिहायचे नाही, पाटीवर जे दिसेल आणि वाहक जे ओरडेल ते लिहायचे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज कार्ड घेऊन मी स्वतः आष्ट्यापर्यंत जाऊन आले. डाव्या बाजूच्या खिडकीशी बसले, कारण रस्त्याकडेच्या बहुतेक पाट्या त्या बाजूने वाचता येतात.

चिपळूणलाच एक गोष्ट लक्षात आली, जी घरी बसून सुचली नसती. कराडची गाडी लागण्याआधी पुण्याची गाडी लागली होती आणि तिच्या पाटीवरही ‘मार्गे पाटण’ होते. मी वाहकाला विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की ही गाडी मल्हारपेठेहून उंब्रजला वळते आणि कराडला जातच नाही. म्हणजे आईने फक्त वाटेतली गावे जुळवून पाहिली असती तर घाट, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ हे सगळे बरोबर आले असते आणि चूक कळली असती ती शेवटच्या टप्प्यात. वाटेतली नावे गाडी ओळखायला उपयोगी नाहीत. ती फक्त गाडीत बसल्यानंतर धीर देण्यासाठी आहेत. गाडी ओळखायची ती पाटीवरच्या शेवटच्या गावावरून. त्यामुळे पहिल्या बाजूच्या माथ्यावर ‘पाटी : कराड’ असे वेगळ्या चौकटीत घेणार आहे, आणि शक्य तो कराडलाच संपणारी गाडी घ्यायची असे ठरवले, म्हणजे उतरण्याचे ठिकाण चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.

कुंभार्ली घाटात मी मुद्दाम कार्ड वाचत राहिले आणि तिसऱ्या वळणानंतर मला मळमळू लागले. आईला घाट आधीच लागतो. घाटाच्या ओळीत आता गावाचे नाव नसेल, ‘घाट. कार्ड बंद.’ एवढेच असेल आणि कोयनानगर आल्यावर कार्ड पुन्हा उघडायचे.

कराडला पोहोचायला सव्वातीन तास लागले. शहराच्या तोंडाशी नाक्यावर बरेच उतारू उतरले आणि गाडी अर्धी रिकामी झाली. सगळे उतरले म्हणजे स्टँड आला असे वाटणे अगदी साहजिक आहे, म्हणून ‘नाक्यावर नाही, स्टँडवर’ हे शब्द कराडच्या ओळीखाली लाल शाईने येतील. कार्डावर लाल रंग एवढ्याच प्रकारच्या सूचनेसाठी, म्हणजे ‘इथे चूक होते’ हे सांगण्यासाठी, राखून ठेवला आहे.

दुसऱ्या टप्प्याचा स्वभाव पहिल्यापेक्षा निराळा आहे. आष्टा हे नाव गाडीच्या पाटीवर बहुधा नसतेच. पाटी सांगलीची असते आणि आष्टा वाटेत लागते, तेही गाडी पेठ नाक्यावरून महामार्ग सोडून ईश्वरपूरमार्गे गेली तरच. सांगलीला दुसऱ्या रस्त्याने जाणारी गाडी आष्ट्याला शिवतही नाही. ईश्वरपूरलाच संपणारी गाडी मिळाली तर तिथे तिसरी गाडी पकडावी लागते, आणि ते आईसाठी नको. म्हणून इथे पाटी वाचणे पुरेसे नाही, बसण्यापूर्वी वाहकाला विचारणे भाग आहे. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे कराड ते पेठ नाका या अंतराला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. मला एकूण दोन तास लागले. कार्डावर त्यामुळे घड्याळाच्या वेळा घालणार नाही. उशीर झाला की लिहिलेली वेळच काळजीचे कारण होते.

रविवार, १६ नोव्हेंबर

नावाचा प्रश्न उरला होता. इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर झाल्याचे राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. आईच्या तोंडी जन्मभर इस्लामपूर आहे, सहप्रवासीही तेच म्हणतात, आणि पाट्यांवर आता दोन्ही नावे भेटतात. कार्डावर दोन्ही नावे एकाखाली एक लिहिली आणि त्यांना डावीकडून एकच कंस घातला, म्हणजे ही दोन वेगळी गावे नाहीत हे पाहताक्षणी कळावे. स्वल्पविराम देऊन एका ओळीत लिहिले होते तेव्हा आईने ते दोन थांबे धरले होते.

दुसरी बाजू आता अशी आहे:

> पाटी : सांगली
> बसण्याआधी विचारा : “आष्ट्याला थांबते का?”
> पेठ नाका
> इस्लामपूर / ईश्वरपूर – पिशवी मांडीवर घ्या
> आष्टा – उतरा
> *चुकले तर मध्ये उतरू नका. सांगली स्टँड.*

शेवटची ओळ लाल आहे आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आष्टा मागे पडले हे ध्यानात आल्यावर माणूस घाबरून ‘थांबवा, थांबवा’ म्हणतो आणि गाडी त्याला उसाच्या शेताशेजारी एखाद्या फाट्यावर उतरवून जाते. सांगली स्टँडवर बाकडी आहेत, चौकशीची खिडकी आहे आणि मावसभावाला तिथे गाठणे सोपे आहे. ‘पिशवी मांडीवर घ्या’ हे ईश्वरपूरच्या ओळीत घातले, कारण आष्टा आल्यावर वरच्या कप्प्यातली पिशवी काढायला उठणे हे तिच्या गुडघ्यांसाठी धोक्याचे आहे. स्टँडवर गाडी उभी असतानाच शेजाऱ्याकडून ती उतरवून घ्यायची.

आपण कुठवर आलो हे लक्षात राहावे यासाठी प्रत्येक नावापुढे चौकोन काढून पेन्सिलीने खूण करण्याची युक्ती मी सुचवली होती. आईने ती बाजूला सारली आणि कार्डाच्या कडेला कपडे वाळत घालायचा छोटा लाकडी चिमटा लावला. गाव गेले की चिमटा एक ओळ खाली. हलत्या गाडीत पेन्सिल सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी बरे आहे, आणि चिमटा बोटांनी चाचपूनही कळतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

तिकिटाची बाजू आज पाहिली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, पण तिकीट घ्यावेच लागते. आधार कार्ड दाखवल्यावर वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो. आईची समजूत अशी होती की फुकट आहे म्हणजे वाहकाशी बोलायलाच नको. उलट, ते तिकीट काढताना ‘आष्टा’ हा शब्द मोठ्याने उच्चारला जातो आणि तिला कुठे उतरायचे आहे हे वाहकाला कळते, त्यामुळे तो संवाद टाळता कामा नये. तिकिटावरची अक्षरे तिला दिसत नाहीत. शेजारी बसलेल्याला ‘यावर आष्टाच छापलंय ना?’ एवढे विचारायचे ठरले. ज्या गाडीत वाहक नसतो अशा विनावाहक गाडीत मात्र बसायचे नाही, कारण तिथे तिकीट आधी खिडकीवर काढावे लागते आणि वाटेत सांगणारे कोणी नसते.

कार्डावर फोन क्रमांक दोनच आहेत, माझा आणि मावसभावाचा, आणि ते पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत लिहिले आहेत. घरचा पत्ता आणि तिचे पूर्ण नाव लिहिलेले नाही, कारण हे कार्ड ती अनोळखी माणसांना दाखवणार आहे. कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवली आणि ती पर्सच्या साखळीला बांधली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आई दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आष्ट्याला उतरली. अपेक्षेपेक्षा पाऊण तास उशीर झाला, आणि त्याचे कारण रस्ता नव्हता, माझे कार्ड होते.

पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे झाला. नाक्यावर लोक उतरू लागले तेव्हा शेजारच्या बाईंनी ‘आजी, आलं कराड’ म्हणून सांगितले, पण आईने लाल ओळ पाहिली आणि ती बसून राहिली. स्टँडवर तिने डबा खाल्ला, कार्ड उलटले, चिमटा वर नेला. मग फलाटावर मिरजेची गाडी लागली. तिच्या पाटीवर ‘मार्गे ईश्वरपूर’ असे होते आणि ती आष्ट्यावरूनच जाणार होती. पण कार्डावर ‘पाटी : सांगली’ एवढेच होते, त्यामुळे आईने ती गाडी सोडली आणि चाळीस मिनिटे सांगलीच्या गाडीची वाट पाहिली. फोनवर तिने हे मला सांगितले ते तक्रार म्हणून नाही, तर आपण कार्डाबरहुकूम वागलो हे सांगण्यासाठी. मिरज सांगलीच्या पलीकडे आहे हे तिला ठाऊक आहे. घरी असती तर तिने क्षणात ओळखले असते. पण प्रवासात कागद हातात असला की माणूस स्वतःच्या माहितीपेक्षा कागदावर विसंबतो, म्हणून कागदावर अपुरे लिहिणे ही माझी चूक होती.

रविवार, ३० नोव्हेंबर

परतीचे कार्ड आज लिहून मावसभावाबरोबर पाठवले. जुनीच नावे उलट क्रमाने लिहून चालणार नव्हते. आष्ट्याहून निघताना तिने कराडची गाडी पकडायची आहे आणि तिच्या पाटीवरही पुढचे एखादे गाव असू शकते, म्हणून ‘पाटी’च्या चौकटीत गावाऐवजी प्रश्नच लिहिला: “कराड स्टँडला जाते का?” गाडीपर्यंत मावसभाऊ सोबत असेल. खरी काळजी कराडची. चिपळूणला जाणाऱ्या गाड्यांवर चिपळूण, गुहागर, दापोली अशा वेगवेगळ्या पाट्या असतात, आणि रत्नागिरीची पाटी पाहून बसावे तर ती गाडी कोणत्या घाटाने उतरणार हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून तीन नावे काळ्या शाईने लिहिली, त्याखाली “चिपळूण स्टँडला थांबते का?” हा प्रश्न लिहिला, आणि रत्नागिरी हे नाव घातलेच नाही.

परतीच्या दुसऱ्या बाजूवर घाटाची ओळ कोयनानगरनंतर येते. आईने फोनवर सांगितल्यावरून तिथे एक बदल केला आहे: ‘कार्ड बंद’च्या ऐवजी ‘गोळी कोयनानगरला’ असे लिहिले आहे, कारण जाताना ओकारीची गोळी तिने चिपळूणहून निघतानाच घेतली होती, पण परतीत घाट शेवटी असल्याने ती किती वाजता घ्यायची हे तिच्या लक्षात राहत नव्हते. गोळी घेतल्यावर लगेच घाट लागतो आणि तिचा परिणाम व्हायला अर्धा तास तरी हवा, हे लिहून झाल्यावर ध्यानात आले. ती ओळ खोडून ‘गोळी पाटणला’ अशी केली, आणि खाडाखोड राहू नये म्हणून ती बाजू नव्या कार्डावर पुन्हा लिहिली.